लग्नाचा अल्बम अर्धाच आला: फोटोवाल्याकडून पैसे परत मागायचे तर घटनाक्रम कसा मांडायचा

माझ्या बहिणीचं लग्न १६ फेब्रुवारी २०२५ ला अंबाजोगाईत झालं. फोटो आणि व्हिडिओचं काम लातूरच्या एका स्टुडिओला नव्वद हजारांत दिलं होतं, त्यातले ऐंशी हजार दिलेही होते. हळदीच्या दिवशी कँडिडवाला आला नाही. परण्याच्या मिरवणुकीला ड्रोन उडणार होता, तो उडालाच नाही. चाळीस शीटचा अल्बम ठरला होता, हातात तीस शीटचा पडला. दुसरा अल्बम आणि सिनेमॅटिक फिल्म कधीच आली नाही. स्टुडिओचं नाव इथे घेत नाही, कारण हिशोब मिटलेला आहे. पस्तीस हजार साडेचारशे मागितले होते, बत्तीस हजार परत आले, आणि ग्राहक आयोगात केस दाखल करायची वेळ आली नाही.

पण ते सहजासहजी आले नाहीत. आधी मी जे करायचं नसतं तेच केलं. मे महिन्यात रागाच्या भरात फोन लावला आणि म्हणालो, "सगळेच्या सगळे ऐंशी हजार परत टाका, वर दोन लाख नुकसानभरपाई." तो शांतपणे म्हणाला, "ठीकय दादा, मग कोर्टातच भेटू," आणि पुढचे तीन आठवडे त्यानं माझा फोन उचलला नाही. त्याला कळलं होतं की हा माणूस नुसता चिडलाय, याच्याकडे हिशोब नाही. पुढे एका पानाचा घटनाक्रम आणि एक आकडा घेऊन गेलो तेव्हा त्याच्या बोलण्याचा सूर बदलला. ते पान आणि तो आकडा कसा तयार केला, ते इथे क्रमाने सांगतो.

भांडणाआधी डेटा घरी आणा

लग्नाच्या फोटोंच्या बाबतीत ही पायरी सगळ्यांत आधी येते. तुमच्या घरातले ते दोन दिवस त्याच्या हार्डडिस्कवर असतात. पैसे परत मागायला सुरुवात केली की "बाकी द्या, मग डेटा देतो" हे वाक्य ठरलेलं असतं, आणि काही महिन्यांनी "हार्डडिस्क करप्ट झाली" हेही. म्हणून तक्रारीचा एक शब्दही न काढता, गोडीत, सगळे मूळ फोटो आणि एडिट न केलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर किंवा हार्डडिस्कवर मागून घ्या. आम्हाला तो १० मार्चला मिळाला. अल्बमसाठी फोटो निवडायचे म्हणून त्यानं स्वतःच दिला, यात माझी काही हुशारी नाही.

तो पेनड्राइव्ह मिळाला की त्याची एक प्रत काढा आणि मूळ पेनड्राइव्ह लिफाफ्यात घालून ठेवून द्या. त्यातल्या फायलींची नावं बदलू नका, फोटो फिरवून सेव्ह करू नका. पुढे हाच सगळ्यांत मोठा पुरावा ठरतो.

याचं कारण असं. "हळदीला कँडिडवाला आला नाही" हे सिद्ध कसं करायचं? न आलेल्या माणसाचा फोटो नसतो. पण डिजिटल फोटोच्या फायलीत कॅमेऱ्याचं मॉडेल आणि फोटो काढल्याची तारीख-वेळ साठवलेली असते. कॉम्प्युटरवर फोटोवर राइट क्लिक करून Properties आणि मग Details उघडलं की ती दिसते. आमच्या पेनड्राइव्हमध्ये १६ तारखेच्या फोल्डरमध्ये दोन वेगवेगळ्या मॉडेलच्या कॅमेऱ्यांचे फोटो होते. १५ तारखेच्या, म्हणजे हळदीच्या फोल्डरमध्ये फक्त एका मॉडेलचे होते, आणि फाइलचे क्रमांकही एकाच ओळीत सलग. म्हणजे त्या दिवशी एकच माणूस फोटो काढत होता. मी दोन्ही दिवसांच्या दोन-दोन फोटोंचे ते Details चे स्क्रीनशॉट काढून ठेवले.

याला मर्यादाही आहेत. कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं, आणि दोघांकडे एकाच मॉडेलचे कॅमेरे असतील तर मॉडेलवरून काही ठरत नाही. शिवाय व्हॉट्सअॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही माहिती गळून पडते. म्हणून व्हॉट्सअॅपवर आलेले फोटो या कामाचे नाहीत, मूळ फायलीच लागतात.

काय ठरलं होतं ते एका जागी आणा

आपल्याकडे लग्नाचा करार म्हणजे सहीशिक्क्याचा कागद नसतो. चहा पिता पिता बोलणी होतात आणि नंतर व्हॉट्सअॅपवर एक मेसेज येतो. तो मेसेजच तुमचा करार. माझ्याकडे दोन गोष्टी होत्या: ९ ऑक्टोबर २०२४ ला त्यानं पाठवलेला रेटकार्डाचा फोटो, आणि १२ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी, बुकिंग करताना आलेला पॅकेजचा मेसेज. त्यात काय काय देणार, किती शीट, आणि "लग्नानंतर ४५ दिवसांत डिलिव्हरी" असं लिहिलेलं होतं.

ही चॅट आधी सुरक्षित करा. चॅटमध्ये Disappearing messages चालू असेल तर ताबडतोब बंद करा. मग चॅटच्या मेनूतून Export chat करून पूर्ण संवाद स्वतःच्या ईमेलवर पाठवा. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, कारण "मधले मेसेज गाळले" असं म्हणायला त्यात जागा राहते. आणि तो फोन विकू नका. प्रकरण आयोगात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागू शकतं, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपं जातं.

पैशांचा भाग वेगळा पाहा. मी तीनदा पैसे दिले. दसऱ्याला वीस हजार यूपीआयने, हळदीच्या संध्याकाळी चाळीस हजार रोख, आणि १७ फेब्रुवारीला वीस हजार परत यूपीआयने. एकूण ऐंशी, दहा बाकी. यूपीआयचे दोन्ही व्यवहार बँकेच्या स्टेटमेंटवर यूटीआर क्रमांकासह दिसतात, त्याची चिंता नाही. अडचण त्या रोख चाळीस हजारांची. मांडवात, पाहुण्यांच्या गर्दीत, ते मी त्याच्या मदतनीसाच्या हातात दिले होते. पावती कसली मागता त्या वेळी!

वाचलो ते एका सवयीमुळे. १७ तारखेला शेवटचे वीस पाठवल्यावर मी मेसेज टाकला होता: "दसऱ्याचे २०, परवा हळदीला रोख ४०, आज २०. एकूण ८० पोहोचले. बाकी १० डिलिव्हरीला." त्याचं उत्तर आलं, "ओके दादा." हे दोन शब्द चाळीस हजारांची पावती ठरले. तुमच्याकडे असा मेसेज नसेल तर अजूनही पाठवता येतो. मात्र तो भांडणाच्या आधी, साध्या हिशोबाच्या सुरात गेला पाहिजे. सोबत त्या दिवशी बँकेतून काढलेल्या रकमेची नोंदही जोडा. ती पूर्ण पुरावा नाही, पण आधार देते.

घटनाक्रम: एक पान, आणि त्यात आपली चूकही

आता मुख्य काम. घटनाक्रमाच्या प्रत्येक ओळीत तीनच गोष्टी असाव्यात: तारीख, काय घडलं, आणि त्याचा पुरावा कोणता. "मुद्दाम", "फसवणूक", "बेजबाबदारपणे" असले शब्द एकही नकोत. वाचणारा माणूस, मग तो स्टुडिओवाला असो, वकील असो की आयोगाचा सदस्य, तारखा वाचून स्वतःच तिथे पोहोचतो. तुम्ही विशेषणं घातली की तो तारखा सोडून तुमच्या सुराकडे बघायला लागतो.

माझं पान असं होतं:

९ ऑक्टोबर २०२४: स्टुडिओने रेटकार्ड पाठवलं. (पुरावा १, व्हॉट्सअॅप)

१२ ऑक्टोबर २०२४: रु. ९०,००० चं पॅकेज ठरलं. पारंपरिक फोटो व व्हिडिओ २ दिवस, कँडिड २ दिवस, ड्रोन १ दिवस, ४० शीटचे २ अल्बम, सिनेमॅटिक फिल्म. मुदत लग्नानंतर ४५ दिवस. रु. २०,००० दिले. (पुरावा २ व ३)

१५ फेब्रुवारी २०२५: हळद. कँडिड फोटोग्राफर हजर नव्हता. रु. ४०,००० रोख दिले. (पुरावा ४, फोटोंचे तपशील, पुरावा ५, १७ तारखेचा मेसेज)

१६ फेब्रुवारी २०२५: लग्न. ड्रोन आला नाही. दुपारी विचारणा केली, "बॅटरीचा प्रॉब्लेम आहे" असं उत्तर आलं. (पुरावा ६)

१७ फेब्रुवारी २०२५: रु. २०,००० दिले. एकूण रु. ८०,०००. (पुरावा ३ व ५)

१० मार्च २०२५: मूळ फोटो व व्हिडिओ पेनड्राइव्हवर मिळाले.

२२ मार्च २०२५: आम्ही अल्बमसाठी निवडलेल्या फोटोंची यादी पाठवली. (पुरावा ७)

२ एप्रिल २०२५: ४५ दिवसांची मुदत संपली.

४ एप्रिल २०२५: "पाडव्याला लेबर गावाला गेलंय, आठ दिवसांत देतो" असं उत्तर. (पुरावा ८)

२० जून २०२५: एक अल्बम व पूर्ण व्हिडिओ मिळाला. अल्बम ३० शीटचा. त्याच दिवशी कळवलं. (पुरावा ९)

५ जुलै २०२५: फोनवर "बाकीचं आषाढीनंतर" असं सांगितलं. लगेच मेसेजने तसं नोंदवलं. (पुरावा १०)

१० ऑगस्ट २०२५: २५ ऑगस्टपर्यंत शेवटची मुदत दिली. (पुरावा ११)

२५ ऑगस्ट २०२५: काहीही मिळालं नाही.

यातली २२ मार्चची ओळ पाहा. ती मला सुरुवातीला घालायचीच नव्हती. अल्बमच्या कामात फोटो निवडून द्यायचं काम गिऱ्हाइकाचं असतं. घरात मामा, मावशी, आत्या सगळ्यांना आपापला फोटो हवा असतो, आणि यादी रखडते. स्टुडिओवाल्याचा हा हुकमी बचाव आहे: "सिलेक्शन तुम्हीच उशिरा दिलं." आमचे बारा दिवस गेले होते. ते मी स्वतःच लिहिले आणि पत्रात हिशोबही मांडला: हे बारा दिवस सोडले तरी मुदत १४ एप्रिलला संपते, आणि अल्बम आला २० जूनला. बचावाची हवाच गेली. तुमच्या बाजूची कमजोरी तुम्ही आधी सांगितली, तर समोरच्याला ती शोधून काढल्यासारखी दाखवता येत नाही.

५ जुलैची ओळही फोनवरच्या बोलण्याची आहे. फोनवर दिलेला शब्द हवेत विरतो, म्हणून फोन ठेवल्या-ठेवल्या मेसेज टाकायचा: "आत्ता फोनवर बोललो त्याप्रमाणे फिल्म आणि दुसरा अल्बम आषाढीनंतर देताय." त्यानं नाकारलं नाही, तर नोंद राहते.

आणि १० ऑगस्टच्या ओळीशिवाय सगळं पान लंगडं पडलं असतं. पैसे मागण्याआधी एकदा स्पष्ट तारीख द्यावी लागते आणि त्या तारखेनंतर काम नको, पैसे हवेत, हे लेखी सांगावं लागतं. नाहीतर तुम्ही पैसे मागितले की दुसऱ्या दिवशी "अल्बम रेडी आहे, घेऊन जा" असा मेसेज येतो. तो नाकारला तर तुम्हीच आडमुठे ठरता. मी लिहिलं होतं: "२५ ऑगस्टपर्यंत दुसरा अल्बम, पहिल्याची कमी शीट आणि फिल्म मिळाली तर घेऊ. त्यानंतर हे काम रद्द समजावं व त्याची रक्कम परत करावी." पंधरा दिवस पुरेसे असतात. ऐन सणातली तारीख टाळा, नाहीतर त्याला सणाचंच निमित्त मिळतं. मी गणपतीच्या दोन दिवस आधीची घेतली होती.

किती मागायचे

इथे बहुतेक जण चुकतात. एक तर सगळे पैसे मागतात, किंवा "अंदाजे तीस-चाळीस" म्हणतात. पॅकेजमध्ये प्रत्येक कामाचा वेगळा दर लिहिलेला नसतो, हे खरं. पण स्टुडिओचं रेटकार्ड असतं, आणि तो दर त्याचा स्वतःचा असल्यामुळे त्याला त्याच्याशी भांडता येत नाही. रेटकार्ड नसेल तर त्याच गावातल्या दोन स्टुडिओंकडून त्या त्या कामाचे लेखी दर घ्या.

आमच्या रेटकार्डावर पारंपरिक फोटो दोन दिवसांचे १४,००० होते, पारंपरिक व्हिडिओ दोन दिवसांचा १५,०००, कँडिड दिवसाला १०,००० म्हणजे दोन दिवसांचे २०,०००, ड्रोन ८,०००, फिल्म १५,००० आणि अल्बम १४,००० ला एक, म्हणजे दोन २८,०००. बेरीज बरोबर एक लाख. पॅकेज नव्वदला दिलं, म्हणजे प्रत्येक दरावर दहा टक्के सूट. ही सूट धरलीच पाहिजे, नाहीतर पहिल्याच ओळीत आकडा फुगवल्यासारखा दिसतो.

मग न मिळालेलं काम: एक दिवस कँडिड ९,०००. ड्रोन ७,२००. फिल्म १३,५००. दुसरा अल्बम १२,६००. पहिल्या अल्बममधली चाळीसपैकी दहा शीट कमी, म्हणजे १२,६०० चा चौथा हिस्सा ३,१५०. बेरीज ४५,४५०.

आता थांबा, कारण मागायचा आकडा हा नाही. मीही आधी हाच लिहिला होता. माझ्या मेहुण्यानं, जो अडत दुकानावर हिशोब लिहितो, पान हातात घेऊन विचारलं, "दहा बाकी होते ना त्याचे? ते कुठं गेले?" न मिळालेलं काम ४५,४५० चं, म्हणजे मिळालेलं काम ४४,५५० चं. आम्ही दिलेले ८०,०००. तेव्हा परत यायला हवेत ३५,४५०. बाकीचे दहा हजार विसरून ४५ मागितले असते, तर त्यानं एवढी एकच चूक धरून सगळं पत्र खोटं ठरवलं असतं.

मनस्तापाची भरपाई, व्याज, खर्च हे या आकड्यात मिसळू नका. ते आयोगाकडे तक्रार करताना वेगळे मागता येतात. पहिल्या पत्रात फक्त परताव्याचा आकडा आणि तो कसा आला त्याच्या पाच ओळी.

पत्र

पत्र कोणाच्या नावाने पाठवायचं हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण नाही. स्टुडिओचं नाव म्हणजे पाटी. मागे एक माणूस असतो, प्रोप्रायटर. त्याचं नाव यूपीआयवर, व्हिजिटिंग कार्डवर किंवा बिलावर सापडतं. "अमुक स्टुडिओ, प्रोप्रायटर श्री. अमुक" असंच लिहा. आणि पाठवणारा कोण? ज्याच्या नावाने बुकिंग झालं तो. आमच्याकडे बुकिंग आणि पैसे दोन्ही माझ्याकडून होते. लग्नात बुकिंग मामाने केलं, पैसे भावाने दिले, असं असेल तर पत्रावर मामाची सही असू द्या आणि पैसे भावाच्या खात्यातून गेल्याचं एका वाक्यात लिहा.

माझ्या पत्राचा मजकूर एवढाच होता:

"विषय: दि. १२-१०-२०२४ च्या बुकिंगपैकी न दिलेल्या कामाचे रु. ३५,४५० परत मिळणेबाबत.

महोदय, माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो व व्हिडिओचे काम आपण रु. ९०,००० ला स्वीकारले. त्यापैकी रु. ८०,००० आपणास पोहोचले आहेत. ठरलेल्यापैकी कोणते काम मिळाले नाही, याचा तारीखवार घटनाक्रम सोबत जोडला आहे. दि. १०-०८-२०२५ च्या मेसेजने दिलेली मुदत २५-०८-२०२५ रोजी संपली असून उर्वरित काम रद्द समजावे.

मिळालेल्या कामाची किंमत आपल्याच रेटकार्डाप्रमाणे सूट वजा जाता रु. ४४,५५० होते. हिशोब सोबत आहे. उरलेले रु. ३५,४५० हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत खालील खात्यावर जमा करावेत. हिशोबात काही चूक वाटल्यास त्याच मुदतीत लेखी कळवावे."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्यानं काही कळवलं नाही, तर हिशोबावर त्याचा आक्षेप नव्हता असं म्हणता येतं. कळवलं, तर वाद आकड्यापुरता उरतो.

हे पत्र मी १ सप्टेंबरला स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवलं आणि त्याच दिवशी व्हॉट्सअॅपवर पीडीएफही टाकली. पोस्टाची पावती, ट्रॅकिंगचं पान आणि निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट, तिन्ही ठेवा. ट्रॅकिंगवर "डिलिव्हर्ड" दिसताच त्या पानाचा फोटो काढा, नंतर ते सापडेलच असं नाही. पत्र ३ तारखेला पोहोचलं. घ्यायला नकार दिला तर लिफाफा तसाच न फोडता परत येऊ द्या. त्यावरचा पोस्टमनचा शेरा हाही पुरावाच असतो.

पत्रात पंधरा दिवस लिहिले असले तरी मनात तीस मोजा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची जी व्याख्या आहे, त्यात सदोष सेवेचे पैसे बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न करणं येतं, आणि बिलावर मुदतच नसेल तर तीस दिवसांत. माझे तीस दिवस ३ ऑक्टोबरला भरत होते. तोवर आयोगाची भाषा करायची नाही, असं मी ठरवलं होतं.

"अॅडव्हान्स परत होत नाही"

६ सप्टेंबरला त्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, आमच्या कार्डावर लिहिलेलंय बघा, अॅडव्हान्स परत होत नाही." हे वाक्य लग्नाच्या धंद्यात मंडपापासून बँडपर्यंत सगळ्यांच्या कार्डावर असतं. त्याचा उपयोग तुम्ही स्वतः बुकिंग रद्द केलं तर होतो, कारण त्यानं ती तारीख दुसऱ्याला दिलेली नसते. त्यानं काम केलं नाही तेव्हा हे वाक्य लागू पडत नाही. मी एवढंच उत्तर दिलं: "मी बुकिंग रद्द केलं नव्हतं, लग्न ठरल्या तारखेलाच झालं. मागणी न केलेल्या कामाची आहे." आणि व्हॉइस मेसेजची तारीख घटनाक्रमात जोडली. व्हॉइस मेसेज सेव्ह करून त्याचा मजकूर शब्दशः लिहून ठेवा, वाचणारा ऐकत बसत नाही.

२० सप्टेंबरला मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. नोंदणीचा क्रमांक मिळाला. खरं सांगायचं तर ही हेल्पलाइन मोठ्या कंपन्यांच्या बाबतीत जास्त कामाची आहे, कारण अनेक कंपन्या तिच्याशी जोडलेल्या आहेत. तालुक्या-जिल्ह्यातल्या स्टुडिओवर ती सक्ती करू शकत नाही. तरी पैसे लागत नाहीत आणि घटनाक्रमात एक ओळ वाढते, म्हणून करावी.

आयोगाचा मसुदा

३ ऑक्टोबर उलटल्यावर मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे द्यायच्या तक्रारीचा मसुदा तयार केला. घटनाक्रम तयार असल्यामुळे दोन संध्याकाळींत झाला. तक्रार म्हणजे त्याच ओळी परिच्छेदांत, पुराव्यांची अनुक्रमणिका, प्रतिज्ञापत्र आणि मागणी.

काही गोष्टी माहीत असाव्यात. वकील लावणं बंधनकारक नाही. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही मोठी सोय आहे. म्हणजे स्टुडिओ लातूरचा असला तरी मला बीडला तक्रार करता आली असती. गंमत अशी की अंबाजोगाईकरांना लातूर जवळ आणि बीड लांब! लातूरलाही करता आलीच असती, कारण तो तिथे धंदा करतो. ऑनलाइन दाखल करायची तर e-jagriti.gov.in वर करता येते.

मुदत दोन वर्षांची असते, वादाचं कारण घडलं त्या दिवसापासून. माझ्या प्रकरणात कँडिडचा प्रसंग १५ फेब्रुवारी २०२५ चा, अल्बमचा एप्रिलचा, आणि पैसे द्यायला नकार सप्टेंबरचा. अशा वेळी सगळ्यांत जुनी तारीख धरायची, म्हणजे १५ फेब्रुवारी २०२७ च्या आत. "आज देतो, उद्या देतो" या वायद्यांनी ही मुदत आपोआप वाढत नाही. लग्नाच्या प्रकरणांत लोकांची दोन वर्षं बघता बघता निघून जातात, कारण पहिलं वर्ष वाट पाहण्यातच जातं.

तक्रार दाखल करून घेतली की समोरच्याला म्हणणं मांडायला तीस दिवस मिळतात, फार तर आणखी पंधरा. कायद्यात अशी तक्रार, तपासणीची गरज नसेल तर, तीन महिन्यांत निकाली काढायची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात तारखा लांबतात. पस्तीस हजारांसाठी किती फेऱ्या मारायच्या, हा हिशोब मीही केला आणि मसुदा दाखल करण्याआधी एक गोष्ट केली.

६ ऑक्टोबरला त्या मसुद्याच्या पहिल्या पानाचा आणि पुराव्यांच्या यादीचा फोटो त्याला पाठवला. धमकी नाही, शिवी नाही. "सोमवारी दाखल करतोय, तुम्हाला आधी कळवावं म्हणून." ८ तारखेला फोन आला.

तडजोड

तो वीस हजारांवर आला. मी पस्तीसवरच होतो. त्यानं एक मुद्दा बरोबर काढला: फिल्मसाठीचं चित्रीकरण त्यानं केलं होतं आणि ते आमच्या पेनड्राइव्हवर आहे, राहिलं ते फक्त एडिटिंग. म्हणजे फिल्मचे पूर्ण साडेतेरा हजार मागणं थोडं जास्तच होतं. हे मान्य करून मी बत्तीसवर आलो, तो बत्तीसवर चढला.

तडजोडीच्या कागदात तीन गोष्टी बघा. रक्कम, तारीख आणि खातं लिहिलेलं असावं. "संपूर्ण हिशोब पूर्ण झाला" ही ओळ पैसे खात्यात आल्यावरच सही करायची, आधी नाही. आणि हप्ते दिलेत तर एक हप्ता चुकला की मूळ ३५,४५० ची मागणी परत उभी राहील, हे लिहून घ्यायचं. त्याला दोन हप्ते हवे होते. मी चेकला नाही म्हणालो, दोन्ही हप्ते यूपीआयने मागितले. पहिले सोळा हजार १० ऑक्टोबरला आले, दुसरे १७ ला, वसुबारसेच्या दिवशी. त्यानंतर मी सही केलेला कागद त्याला पाठवला आणि बीडच्या आयोगासाठीची फाइल कपाटात ठेवली.

फिल्म दिवाळीनंतर गावातल्याच एका मुलाकडून त्याच पेनड्राइव्हवरून एडिट करून घेतली. परण्याचं दृश्य त्यात जमिनीवरूनच आहे, घोड्याच्या कानांमधून.